जाहिरात आहे, जागा आहे का?

नोकरीची जाहिरात आणि नोकरीची जागा या कंपनीच्या आत दोन वेगळ्या नोंदी असतात. बाहेरच्या उमेदवाराला त्यांपैकी फक्त पहिली दिसते. जागा तयार होते ती रिक्विझिशनमधून. विभागाचा मॅनेजर माणूस हवा अशी मागणी नोंदवतो, वित्त विभाग पगाराची तरतूद तपासतो, वरिष्ठ मंजुरी देतात, मागणीला क्रमांक पडतो आणि एचआरमधल्या एखाद्या रिक्रूटरकडे ती सोपवली जाते. जाहिरात त्यानंतर लागते, निदान लागायला हवी. पण भरतीची जी सॉफ्टवेअर आज कंपन्या वापरतात त्यांत ठरावीक मागणीशी न जोडलेली जाहिरात लावण्याचीही अधिकृत सोय असते. ग्रीनहाउस या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये तिला 'प्रॉस्पेक्ट पोस्ट' म्हणतात. उलट बाजूनेही तसंच घडतं. तिमाहीचे आकडे बिघडल्यावर भरती गोठवली जाते, मागणी बाजूला पडते, पण जाहिरात उतरवण्याचं काम कुणाच्याच यादीत नसतं, आणि ती तशीच लटकत राहते. महिनोन्‌महिने उघड्या राहणाऱ्या आणि कुणालाच नोकरी न देणाऱ्या अशा जाहिरातींना इंग्रजीत 'घोस्ट जॉब' हे नाव पडलं आहे. आपण त्यांना पोकळ जाहिराती म्हणू. त्या ओळखण्याचे नुस्खे बरेच फिरतात. मजकूर मोघम असेल, पगार लिहिला नसेल, जाहिरात तीस दिवसांहून जुनी असेल तर सावध राहा, असं सांगितलं जातं. माझं म्हणणं असं, की यांतली कोणतीही खूण एकटी फारशी कामाची नाही. जाहिरातीचं वय आणि भाषा फसवी असतात. तिच्यामागे भरतीची हालचाल चालू आहे की नाही हे तपासावं लागतं, आणि ती हालचाल बाहेरूनही बऱ्यापैकी दिसते.

आधी हे प्रमाण किती आहे ते पाहू, कारण इथेच पुष्कळ घोळ होतो. अमेरिकेचं कामगार सांख्यिकी कार्यालय दर महिन्याला रिकाम्या जागांची मोजणी प्रसिद्ध करतं. मार्च २०२२मध्ये तिथे साधारण १ कोटी २० लाख जागा रिकाम्या होत्या आणि त्या महिन्यात प्रत्यक्ष भरती झाली होती ६५ ते ७० लाखांच्या दरम्यान. ही दरी म्हणजेच पोकळ जाहिराती, असं अनेक लेखांत ठोकून दिलं जातं. ते चूक आहे. पहिला आकडा महिन्याच्या शेवटच्या कामकाजी दिवशी शिल्लक असलेल्या जागांचा असतो आणि दुसरा महिनाभरात रुजू झालेल्यांचा. कामगारांची टंचाई असेल तर खऱ्याखुऱ्या जागाही लांबतात आणि दरी वाढते. शिवाय ही पाहणी जाहिराती मोजतच नाही, ती आस्थापनांना विचारते. मात्र तिने रिकाम्या जागेची जी व्याख्या केली आहे ती आपल्या फार उपयोगाची आहे. काम खरंच अस्तित्वात हवं, माणूस मिळाला तर तीस दिवसांत ते सुरू करता यायला हवं, आणि कंपनी त्यासाठी बाहेरून माणूस सक्रियपणे शोधत असायला हवी. तिन्ही अटी जुळल्या तरच जागा. आपल्यासमोरची जाहिरात या तीन प्रश्नांना सामोरी गेली, की पुढचं बरंच सोपं होतं.

दुसरा पुरावा पाहण्यांचा. आम्ही अशा जाहिराती लावतो, असं मॅनेजर मंडळींनी कबूल केल्याच्या पाहण्या वेळोवेळी येतात, पण त्यांतल्या काही रेझ्युमे लिहून देणाऱ्या किंवा तत्सम सेवा विकणाऱ्यांच्या असतात. त्यांच्या टक्केवारीवर मी भिस्त ठेवणार नाही. त्यापेक्षा वजनदार आहे ती ग्रीनहाउसने स्वतःच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदींवरून केलेली मोजणी. २०२४ मध्ये तिथे लागलेल्या जाहिरातींपैकी १८ ते २२ टक्के, म्हणजे जवळपास पाचातली एक, या प्रकारात बसत असल्याचं कंपनीने सांगितलं. हेही एकाच सॉफ्टवेअरच्या ग्राहकांचं चित्र आहे आणि ते जसंच्या तसं पुण्याला किंवा मुंबईला लावता येणार नाही. पण मॅनेजरच्या कबुलीपेक्षा सॉफ्टवेअरमधल्या नोंदी अधिक भरवशाच्या असतात.

कंपन्या असं का करतात हे नीट समजलं, तर कुठे पाहायचं तेही समजतं. सगळ्यांत साधं कारण पैशाचं आहे: जास्तीची एक जाहिरात लावून ठेवायला जवळपास काहीच लागत नाही. लिंक्डइनसारख्या ठिकाणी मोठ्या कंपन्या एकेका जाहिरातीचे पैसे भरत नाहीत. त्या वर्षभरासाठी ठरावीक संख्येचे 'जॉब स्लॉट' विकत घेतात. घेतलेला स्लॉट मोकळा ठेवणं म्हणजे भरलेले पैसे वाया घालवणं, म्हणून मंजूर जागा कमी असल्या तरी स्लॉट भरलेले राहतात. काही ठिकाणी तर कंपनीच्या करिअर पानावरच्या सगळ्या जाहिराती आपोआप उचलून जॉब पोर्टलवर टाकल्या जातात. त्यामुळे करिअर पानावर विसरलेली एक नोंद दहा ठिकाणी ताजी होऊन दिसते. दुसरं कारण साठ्याचं. पुढच्या तिमाहीत प्रकल्प मिळेल या अंदाजाने आधीच रेझ्युमे गोळा करून ठेवले जातात. आपल्याकडच्या आयटी सेवा कंपन्यांत हे विशेष चालतं, कारण त्यांचं काम परदेशी ग्राहकाने प्रकल्प देण्यावर अवलंबून असतं. ग्राहकापुढे प्रस्ताव ठेवताना अमुक कौशल्याची माणसं आमच्याकडे उभी राहू शकतात हे दाखवावं लागतं. प्रकल्प मिळाला तर जागा खरी, नाही मिळाला तर ती कधी नव्हतीच. याच साखळीत कन्सल्टन्सी येतात. एकाच संभाव्य जागेसाठी चार कन्सल्टन्सींनी चार जाहिराती लावल्या, की उमेदवाराला बाजारात चार जागा असल्याचा भास होतो. कंपनी वाढते आहे असं गुंतवणूकदारांना दाखवणं किंवा कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या कर्मचाऱ्यांना मदत येते आहे असं भासवणं, अशीही कारणं सांगितली जातात. ती असतीलही. पण माझ्या मते आळस, स्लॉट आणि साठा या तिघांत बहुतेक पोकळ जाहिरातींचा उगम सापडतो, आणि त्यांच्यामागे कुणाचा कुटिल हेतू शोधत बसलं तर खुणा हातून निसटतात.

हेतूची एक वेगळी जात मात्र सांगायला हवी, कारण तिचा अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांशी थेट संबंध आहे. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या इंजिनिअरला कंपनी ग्रीन कार्डसाठी पुढे करते, तेव्हा बहुतेक प्रकरणांत त्या जागेसाठी पात्र अमेरिकी कामगार मिळत नाही हे तिला आधी दाखवावं लागतं. पर्म नावाच्या या प्रक्रियेत दोन रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे तीस दिवस नोंद ठेवावी लागते आणि आणखी काही मार्ग वापरावे लागतात. जागेवर माणूस आधीच बसलेला असतो. अमेरिकेच्या न्याय खात्याने फेसबुकवर डिसेंबर २०२०मध्ये दावा लावला तेव्हा आरोप असा होता, की अशा २,६००हून अधिक जागा कंपनीने आपल्या करिअर पानावर दाखवल्याच नाहीत आणि अर्ज टपालाने मागवले. खात्याच्या म्हणण्यानुसार त्यांतल्या ९९.७ टक्के जागांना अमेरिकी कामगारांकडून एक किंवा शून्य अर्ज आले, तर तशाच जागा करिअर पानावर लावल्या तेव्हा सहसा शंभर किंवा जास्त अर्ज येत. ऑक्टोबर २०२१ मध्ये १ कोटी ४२.५ लाख डॉलरपर्यंतच्या रकमेवर तडजोड झाली. अॅपलनेही २०२३मध्ये अशाच स्वरूपाच्या आरोपांवर अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. आरोपांचा रोख या जाहिरातींच्या शब्दांवर नव्हता, आणि म्हणून हा दाखला मला मोलाचा वाटतो.  एरवी ही कंपनी भरती कशी करते आणि या जागेसाठी तिने काय वेगळं केलं, यावर सरकारी वकिलांनी बोट ठेवलं. उमेदवारालाही हीच पद्धत वापरता येते.

आता ती एका जाहिरातीवर चालवून पाहू. समजा, हिंजवडीतल्या मध्यम आकाराच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची 'सीनिअर डेटा इंजिनिअर, ६ ते १० वर्षं अनुभव' अशी जाहिरात सप्टेंबरच्या मध्यावर लिंक्डइनवर दिसते. तिच्याखाली `Reposted 4 days ago` असं लिहिलं आहे. चार दिवस हा आकडा बाजूला ठेवायचा. त्यातून इतकंच कळतं, की चार दिवसांपूर्वी कुणीतरी किंवा एखाद्या यंत्रणेने ती पुन्हा वर काढली. खरी तारीख शोधायला कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर जायचं. तिथे जाहिरातच नसेल तर निम्मं उत्तर मिळालं. जाहिरात असेल तर ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडून `datePosted` हा शब्द शोधायचा. गूगलच्या नोकरी-शोधात दिसावं म्हणून बहुतेक करिअर पानं ही माहिती ठरावीक साच्यात भरतात. या तारखेच्या जागी जाहिरात मुळात कधी लागली तेच लिहावं, अशी गूगलची अपेक्षा आहे. आपल्या उदाहरणात तिथे असं सापडतं:

```json
{
  "@type": "JobPosting",
  "title": "Senior Data Engineer",
  "datePosted": "2025-02-11",
  "identifier": "JR-10482"
}
```

म्हणजे जाहिरात सात महिन्यांची आहे. तिला `validThrough`, अर्थात शेवटची तारीख, दिलेलीच नाही. त्याने सिद्ध काही होत नाही, कारण पुष्कळ कंपन्या ती देत नाहीत. हेही लक्षात ठेवायला हवं, की काही सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी जाहिरात नव्याने लावताना `datePosted` बदलतात. म्हणून मागणी क्रमांक टिपून ठेवायचा आणि web.archive.org वर त्या करिअर पानाची जुनी प्रत मिळते का ते पाहायचं. समजा एप्रिलमधली प्रत मिळाली आणि त्यात तोच क्रमांक, तोच मजकूर आहे. वय नक्की झालं. इथे थांबून ही जाहिरात पोकळ असल्याचा निकाल देण्याचा मोह होतो, आणि नेमकी तिथेच गफलत होते. आपल्याकडे नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमुळे खरी जागाही सहज सात महिने खाते. मार्चमध्ये मुलाखती, एप्रिलमध्ये ऑफर, जुलैमध्ये रुजू होण्याची तारीख, आणि आदल्या आठवड्यात उमेदवाराचा निरोप की दुसरीकडे जास्त पगार मिळाला. मग ऑगस्टमध्ये तीच मागणी पुन्हा उघडते.

तेव्हा खरा प्रश्न हा, की जाहिरातीभोवती काही हललं का. एप्रिलच्या जुन्या प्रतीत, समजा, एकूण चौदा जाहिराती होत्या. त्यांतल्या नऊ आज नाहीत आणि तीन नव्या आल्या आहेत. म्हणजे ही कंपनी जागा भरल्यावर जाहिराती उतरवते. तिच्या पानाकडे कुणाचं तरी लक्ष आहे, त्यामुळे आपली जाहिरात विसरली गेली असण्याची शक्यता थोडी घटते आणि मुद्दाम ठेवली असण्याची वाढते. याउलट चौदाच्या चौदा जशाच्या तशा असत्या तर अख्खं पानच ओस पडलेलं ठरलं असतं. यानंतर माणसांकडे वळायचं. लिंक्डइनवर कंपनीच्या पानावर `People` या भागात 'डेटा इंजिनिअर' हे पद शोधलं, की तिथे सध्या कोण काम करतं आणि कधीपासून, हे बऱ्याच अंशी दिसतं. फेब्रुवारीनंतर त्या पदावर तिघे रुजू झाले असतील तर सात महिन्यांची जाहिरात पूर्णपणे खरी आहे, ती एका जागेची नसून चालू भरतीची आहे. फेब्रुवारीनंतर एकही नवा माणूस आला नाही आणि उलट त्या गटातले दोघे कंपनी सोडून गेले, तर चित्र पालटतं. गळती होऊनही जागा भरल्या जात नाहीत, याचा अर्थ बहुधा पैसा अडलेला आहे. शेवटी पुन्हा मजकूर वाचायचा, पण भाषा मोघम आहे का म्हणून नव्हे, त्यात शिळी झालेली एखादी गोष्ट आहे का म्हणून. समजा त्यात 'इमिजिएट जॉइनर हवा, प्रकल्प एप्रिलपासून सुरू' असं लिहिलं आहे. एप्रिलचा प्रकल्प सप्टेंबरात एक तर या माणसावाचून चालू झाला आहे किंवा झालाच नाही. तीस दिवसांत काम सुरू करता येण्याच्या अटीवर ही जाहिरात इथे नापास होते.

या सगळ्याला अर्धा तास लागतो, आणि त्यातून शाबितीचा पुरावा मिळत नाही, संभाव्यता मिळते. तेवढी पुरते, कारण उमेदवाराला कंपनीवर खटला भरायचा नाही, आपला वेळ कुठे घालायचा ते ठरवायचं आहे. वरच्या जाहिरातीला तयार असलेला रेझ्युमे दहा मिनिटांत पाठवायला हरकत नाही. तिच्यासाठी रेझ्युमे नव्याने मांडणं, ओळखीच्या माणसाकडे रेफरल मागून त्याचं ऋण डोक्यावर घेणं, किंवा आठवड्याची सुट्टी खर्चून घरून सोडवायची असाइनमेंट करणं मी सुचवणार नाही.

यावर सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की तपासण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा सरळ सगळीकडे अर्ज करावेत, अर्जाला पैसे पडत नाहीत. एका क्लिकच्या अर्जांबाबत हे खरं आहे, आणि तिथे तपासत बसू नये. पण ज्या जागा खरोखर मिळतात त्यांतल्या पुष्कळ तयारी करून केलेल्या अर्जातून मिळतात, आणि अशी तयारी महिन्यात मोजक्याच ठिकाणी करता येते. त्याहून मोठं नुकसान निष्कर्षाचं आहे. चाळीस अर्जांना उत्तर आलं नाही म्हणजे आपल्यात काहीतरी कमी आहे, असं माणूस धरून चालतो. मग पगाराची अपेक्षा खाली आणतो, क्षेत्र बदलतो, नको तो महागडा कोर्स करतो. त्या चाळीसपैकी आठ-दहा ठिकाणी जागाच नव्हती हे त्याला माहीत असेल तर तो आपल्या अपयशाचा हिशेब वेगळा मांडेल. ज्यांची नोकरी गेली आहे आणि घराचे हप्ते चालू आहेत, त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा असतो.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या बाजूने येतो, आणि त्यात तथ्य आहे. दुर्मीळ कौशल्याची माणसं, म्हणजे चिप डिझाइनमधले अनुभवी इंजिनिअर किंवा एखाद्या विशिष्ट शाखेचे शल्यविशारद, खरोखर वर्ष वर्ष मिळत नाहीत. शिवाय सतत गळती असलेल्या कामांना, जसं कॉल सेंटर किंवा डिलिव्हरी, कायम उघडी जाहिरात लागतेच. हे दोन्ही मान्य. म्हणूनच वयाला एकट्याने पुरावा मानू नये असं मी म्हणतो. पण दुर्मीळ जागा शोधणाऱ्या कंपनीची हालचाल दिसते: रिक्रूटर स्वतःहून माणसांना निरोप पाठवतो, अटी सैल होतात, पगार वाढतो, शहराचा आग्रह सुटतो. सात महिने माणूस मिळत नाही आणि सात महिन्यांत एकही अट हलत नाही, हे दोन्ही एकत्र क्वचितच खरं असतं. आणि रेझ्युमेंचा साठाच करायचा असेल तर तसं लिहिण्यात कंपनीचं काय जातं? 'सध्या जागा नाही, पुढील संधींसाठी नाव नोंदवा' असं स्पष्ट लिहिणाऱ्या कंपन्या आहेत, आणि तिथे नाव नोंदवणारा फसत नाही.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने नेमकं हेच कायद्यात घातलं आहे. १ जानेवारी २०२६पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला जाहीर जाहिरातीत सांगावं लागतं, की ती अस्तित्वात असलेल्या रिकाम्या जागेसाठी आहे की नाही. ज्यांची मुलाखत घेतली त्यांना निर्णय झाला का हे ४५ दिवसांच्या आत कळवावं लागतं. या कायद्याने जागेविना जाहिरात करायला मनाई केलेली नाही, जागा नसल्याचं लपवायला केली आहे. मला ही मांडणी योग्य वाटते. तिची मर्यादाही उघड आहे: मंजूर होऊन गोठवलेली जागा कागदावर 'अस्तित्वात' असू शकते, आणि ते बाहेरून कुणाला सिद्ध करता येणार नाही. भारतात खासगी कंपन्यांवर जाहिरातीत असं सांगण्याचं बंधन नाही.

त्यामुळे आपल्याकडे ते विचारून घ्यावं लागतं, आणि विचारण्याची योग्य वेळ म्हणजे एचआरचा पहिला फोन. जागा आहे का असं थेट विचारलं तर 'हो' याखेरीज दुसरं उत्तर येत नाही. त्याऐवजी तपशील विचारावा. 'ही जागा नव्याने तयार झाली आहे की कुणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली आहे? रिपोर्टिंग कुणाकडे असेल? मॅनेजरची फेरी साधारण कोणत्या आठवड्यात होईल? आत्तापर्यंत कुणी शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचलं आहे का?' खरी जागा हाताळणाऱ्या रिक्रूटरला ही उत्तरं तोंडपाठ असतात, कारण त्याचा मॅनेजर त्याच्या मागे लागलेला असतो. एखादं उत्तर गोपनीय असेल तर तो तसं सांगतो आणि बाकीची देतो. साठा करणाऱ्याकडे मॅनेजरचं नाव नसतं, आठवडा नसतो. 'प्रोफाइल शेअर करून ठेवतो, क्लायंटकडून फीडबॅक आला की कळवतो' हे वाक्य असतं. कन्सल्टन्सीचा फोन असेल तर आणखी एक विचारावं: मागणी क्रमांक काय, आणि तो कंपनीच्या करिअर पानावर दिसतो का. काही कंपन्या कन्सल्टन्सीला नाव उघड करू देत नाहीत, तेव्हा क्रमांक न मिळणं क्षम्य आहे. पण क्रमांक नाही, मॅनेजर नाही आणि तारीखही नाही, तरी आधारकार्ड, सध्याची पगारपावती किंवा 'फक्त आमच्यामार्फतच अर्ज करेन' असं लेखी संमतीपत्र मागितलं जात असेल, तर तिथे काहीही देऊ नये. ते संमतीपत्र दिल्यावर उद्या त्याच कंपनीत खरी जागा निघाली, तर तुमच्या थेट अर्जावर कन्सल्टन्सी दावा सांगू शकते.